मदत हवी आहे: KCNH2 मधला मिसेन्स व्हेरिअंट, PS3 ला वजन किती द्यायचं?

रेवा_क्युरेशन:
नमस्कार मंडळी. व्हेरिअंट क्युरेशन शिकतेय आणि एका केसवर अडलेय. रुग्णाच्या ईसीजीवर क्यूटी लांबलेला होता, म्हणून पॅनेल केलं आणि KCNH2 मध्ये एक मिसेन्स बदल सापडला. ओळख पटू नये म्हणून नेमकी जागा लिहीत नाही.

हातात तीन गोष्टी आहेत. gnomAD v4 मध्ये हा अलील एकदाच दिसतो, त्या जागेचं कव्हरेज चांगलं आहे. REVEL ०.९१ आहे. शिवाय एका पेपरमध्ये हा व्हेरिअंट एचईके पेशींत घालून पॅच क्लॅम्प केलाय आणि करंट वाइल्ड टाइपच्या ३५ टक्केच आलाय. मी PM2 मॉडरेट, PP3 सपोर्टिंग आणि PS3 स्ट्राँग धरलं. २०१५ च्या एसीएमजी नियमांनुसार एक स्ट्राँग आणि एक मॉडरेट म्हणजे लाइकली पॅथोजेनिक. वरिष्ठांनी मात्र व्हीयूएस करून परत पाठवलं आणि शेरा एवढाच, "कंट्रोल बघ". चॅनेलचं काम इतकं घटलेलं दिसत असताना व्हीयूएस का?

मंदार_बायोइन्फो:
PM2 आता मॉडरेट धरत नाहीत, २०२० पासून क्लिनजेननं ते सपोर्टिंगवर आणलंय. दुर्मीळ निरुपद्रवी व्हेरिअंट ढिगानं असतात, त्यामुळे एकदाच दिसणं हा फार जोरकस पुरावा नाही. PP3 मात्र तू कमी धरलंस. CADD आणि AlphaMissense चे स्कोअरही वर असतील तर तिन्ही मिळून स्ट्राँग कर की.

शुभांगी_लॅब:
मंदार, PM2 बद्दल तुमचं बरोबर, पण तिन्ही टूल्सची बेरीज करू नका. ती बऱ्याच अंशी एकच गोष्ट बघतात, ती जागा उत्क्रांतीत किती जपली गेली आहे. एकच साक्षीदार तीनदा उभा केल्यासारखं होतं ते. टूल एकच घ्यायचं, तेही स्कोअर बघण्याआधी ठरवून. REVEL साठी २०२२ मध्ये ठरलेल्या मर्यादा वापरल्या तर ०.७७३ ते ०.९३२ मध्ये मॉडरेट मिळतं, म्हणजे ०.९१ ला मॉडरेट. ०.९३२ च्या पुढे स्ट्राँग.

रेवा, आता तुझा मुख्य मुद्दा. ३५ टक्के हा आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच सेटअपमध्ये माहितीतले निरुपद्रवी मिसेन्स कुठे पडतात? ते ६० ते ११० टक्क्यांत असतील तर ३५ बोलका आहे. त्यातले दोन ४० वर असतील तर ३५ ला फारसा अर्थ उरत नाही. "कंट्रोल बघ" म्हणजे हेच. पेपरमध्ये किती कंट्रोल आहेत?

रेवा_क्युरेशन:
वाइल्ड टाइप आणि एक माहितीतला रोगकारक व्हेरिअंट. निरुपद्रवी एकही नाही.

शुभांगी_लॅब:
मग PS3 सपोर्टिंगच्या वर जात नाही. वेगळं सांख्यिकी विश्लेषण नसेल तर मॉडरेटसाठी दोन्ही बाजूंचे मिळून किमान ११ व्हेरिअंट कंट्रोल लागतात.

समजा उद्या कुणी हाच प्रयोग १० रोगकारक आणि ८ निरुपद्रवी कंट्रोल घेऊन केला. दहाही रोगकारक बिघडलेले निघाले, पण निरुपद्रवीतला एक त्याच गटात आला. कंट्रोलमध्ये रोगकारकांचं प्रमाण १०/१८ आणि बिघडलेल्या गटात १०/११, म्हणून:

```
P1 = 10/18 = 0.556
P2 = 10/11 = 0.909
OddsPath = P2(1-P1) / ((1-P2)P1) = 8
```

४.३ च्या वर मॉडरेट, १८.७ च्या वर स्ट्राँग. म्हणजे इतक्या नीटनेटक्या प्रयोगालाही मॉडरेटच मिळतं. आणि हे कंट्रोल आधी कशाच्या आधारे वर्गीकृत झाले तेही तपासायचं. ते पॅच क्लॅम्पवरूनच रोगकारक ठरले असतील तर आपण गोल फिरतोय.

आता पॉइंट मोज. PM2 चा १, PP3 चे २, PS3 चा १, एकूण ४. लाइकली पॅथोजेनिकला ६ लागतात. सुरुवातीची शक्यता १० टक्के धरली तर ४ पॉइंटांवर ती साधारण ६८ टक्के होते, ५ वर ८१ आणि ६ वर ९०. तुझे वरिष्ठ बरोबर आहेत.

आसावरी_७:
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये BRCA2 चा व्हीयूएस आलाय. आमच्या घरात आईला कॅन्सर होता. तिनं ऑपरेशन करून घ्यावं का? आणि मी तोच व्हेरिअंट तपासून घेऊ का?

शुभांगी_लॅब:
आसावरीताई, काळजी वाटणं स्वाभाविक आहे. व्हीयूएसच्या जोरावर ऑपरेशनचा निर्णय घेत नाहीत. तपासण्या किती आणि कधी, हे घरातल्या कॅन्सरच्या इतिहासावरून ठरवतात. तुमच्यात तोच व्हेरिअंट नाही निघाला म्हणून तुम्ही निर्धास्त, असंही म्हणता येत नाही, कारण आईच्या कॅन्सरचं कारण तोच आहे हे अजून ठरलेलंच नाही. बहिणीला जेनेटिक काउन्सेलरकडे घेऊन जा. शक्य असेल तर आईची तपासणी आधी व्हावी, आणि लॅबनं वर्गीकरण बदललं तर कळवायला सांगून ठेवा.

पेशीवाला:
KCNH2 पासून बनणाऱ्या हर्ग चॅनेलवर काही वर्षं पॅच क्लॅम्प केलंय म्हणून विचारतो. रेवा, त्या पेपरमध्ये पेशी किती तापमानावर ठेवल्या होत्या? KCNH2 चे बहुतेक रोगकारक मिसेन्स चॅनेलचं काम थेट बिघडवत नाहीत. प्रथिन नीट घडी होत नाही आणि पेशीच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. पेशी २७ अंशांवर ठेवल्या की असे बरेच व्हेरिअंट पडद्यावर पोचतात आणि करंट जवळजवळ नॉर्मल दिसतो. दुसरं, व्हेरिअंट एकटाच घातला होता की वाइल्ड टाइपबरोबर?

रेवा_क्युरेशन:
पद्धतीच्या भागात सापडलं: रेकॉर्डिंगआधी रात्रभर २७ अंश. व्हेरिअंट एकटाच. मग हा पेपर बादच करायचा का?

पेशीवाला:
नाही, उलट बाजूनं विचार कर. निकाल "नॉर्मल" असता तर २७ अंशांमुळे मी त्याला BS3 अजिबात दिलं नसतं. इथे मदत मिळूनही करंट ३५ टक्केच आहे. ३७ ला तो आणखी खाली जाण्याचीच शक्यता जास्त. बिघाडाची बाजू त्यानं कमकुवत होत नाही.

एकट्यानं घालण्याची अडचण खरी आहे. चॅनेल चार तुकड्यांचा बनतो आणि रुग्णात निम्मे तुकडे चांगले असतात. दोघांचा एकमेकांवर परिणाम नसेल तर करंट ६७ टक्क्यांच्या आसपास येईल. व्हेरिअंट चांगल्या तुकड्यांनाही खाली ओढत असेल तर बराच कमी. हे दोन्ही एकत्र घालून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ही चाचणी cDNA वरची आहे, स्प्लायसिंग बिघडत असेल तर तिला ते दिसणारच नाही.

रेवा_क्युरेशन:
SpliceAI ०.०२ आहे, त्यामुळे ती शंका सध्या बाजूला ठेवते. PS3 सपोर्टिंग करते.

मंदार_बायोइन्फो:
व्हेरिअंट PAS डोमेनमध्ये आहे का? असेल तर PM1 मॉडरेट लागेल, ४ अधिक २ म्हणजे ६. लाइकली पॅथोजेनिक!

रेवा_क्युरेशन:
हो, PAS मध्येच आहे!

शुभांगी_लॅब:
मी तरी नाही लावणार. PM1 आणि PP3 मिळून ४ पॉइंटांपर्यंत चालतात, म्हणून नियमात बसेल. पण डोमेनचं नाव आलं की PM1, असं नसतं. त्याच भागात gnomAD मध्ये किती मिसेन्स आहेत, निरुपद्रवी ठरलेले किती, हे आधी बघायला हवं.

पेशीवाला:
मी इथे शुभांगीशी पूर्ण सहमत नाही. PAS मधले बरेच बदल घडीच बिघडवतात, हे हर्गवर काम करणाऱ्यांना रोज दिसतं. मी निदान सपोर्टिंग देईन.

शुभांगी_लॅब:
सपोर्टिंग दिलं तरी ५ होतात, व्हीयूएसच. रेवा, PAS मधल्या मिसेन्सची यादी काढून इथे टाक, मग बोलू. आणि कुटुंबात आणखी कुणाचा क्यूटी लांबलेला आहे का, तेही विचारून ठेव.

रेवा_क्युरेशन:
एका मामांचा ईसीजी मागवलाय. यादी उद्या टाकते.