भाडेकरूने पावत्या आणि पॅन मागितला तर घरमालकाने द्यावा का?

कारेलीबागवाले काका: आमच्या फ्लॅटच्या भाडेकरूचं पत्र आलंय: "आदरणीय काका, ऑफिसात एचआरएचे, म्हणजे घरभाडे भत्त्याचे, पुरावे 31 जानेवारीपर्यंत द्यायचे आहेत. एप्रिल 2024 पासूनच्या, महिना 15,000 च्या पावत्या आणि आपला पॅन नंबर मिळाला तर मोठी मदत होईल." मी का द्यावा? टॅक्स त्याचा वाचणार आणि अडकणार मी!

मांजलपूरची हिशेबनीस: "अडकणार" हा शब्द फार खटकला, म्हणून सविस्तर लिहिते. मी पगाराचं काम बघते; दर जानेवारीत अशी रडवेली पोरं माझ्या टेबलासमोर उभी असतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाच्या पॅनशिवाय मी दावा पुढे नेऊ शकत नाही. तुमच्याकडे 1,80,000 होतात.

समजा त्याचा बेसिक आणि डीए मिळून 40,000 आहे, एचआरए 16,000. भाड्यातून वर्षाच्या पगाराचे दहा टक्के, म्हणजे 48,000, गेले की 1,32,000 उरतात. आपलं वडोदरा मेट्रोत धरत नाहीत, त्यामुळे 40 टक्के लागू, ते 1,92,000. मिळालेला एचआरएही तेवढाच. सगळ्यांत कमी ते सुटतं, म्हणजे 1,32,000. तो जुन्या रिजीममध्ये 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल तर 26,400 वाचतात, वर सेस वेगळा.

आता तुमचं बघू. 1,80,000 मधून भरलेला घराचा वेरा, समजा 6,000, वजा करा. उरलेल्या 1,74,000 वर 30 टक्के सूट, एकही बिल न दाखवता. राहिले 1,21,800. पेन्शन 3,60,000 असली तरी नव्या रिजीममध्ये त्यातून 75,000 वजा होऊन एकूण 4,06,800. 2024-25 या वर्षासाठी रिबेट सात लाखांपर्यंत होतं, म्हणून कर शून्य. मग भीती कशाची?

अलकापुरी 2: इतका हिशेब कशाला? भाडं महिना 50,000 च्या आत असेल तर पॅन लागतच नाही. आमच्या सीएने सांगितलंय.

मांजलपूरची हिशेबनीस: ती मर्यादा भाडेकरूने टीडीएस कापायची. एचआरएची वेगळी. तुमच्या सीएंनी टीडीएसबद्दल सांगितलं असेल, आणि ते बरोबर आहे.

दांडियाबाजारकर: ताई, शून्य कराच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. माझ्या वडिलांनी असाच भल्या मनाने पॅन दिला होता. भाडेकरू घर सोडून गेला, तरी पुढची दोन वर्षं तोच नंबर लावून पावत्या दाखवत राहिला. ऑफिस तो नंबर पुढे कळवतं, मग एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात, न मिळालेलं भाडं दिसतं. वडील 74 वर्षांचे, नोटीस हातात धरून दारात उभे होते, कागद थरथरत होता. तो हात मी विसरणार नाही. आणि वर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले म्हणून तोच माणूस आम्हाला चोर म्हणून गेला!

वाघोडिया रोड, भाडेकरू: रंगाचे किती कापलेत? आमचे 18,000 कापले, भिंती होत्या तशाच होत्या. दोन वर्षं राहिल्यावर रंग उडणारच, त्याचा दंड आम्हाला का?

दांडियाबाजारकर: खिळे ठोकलेले, स्वयंपाकघरात तेलाचे डाग. तुमच्या घरात चालेल का?

वाघोडिया रोड, भाडेकरू: आम्ही माणसं आहोत, फोडणी देतो! घर देताना फोटो काढून ठेवत नाही, जाताना मात्र डाग मोजता.

मांजलपूरची हिशेबनीस: रंगाचं भांडण दुसरीकडे घ्या, हात जोडते. दांडियाबाजारकर, वडिलांना झालेला त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. एआयएसमध्ये त्या नोंदीवर "माहिती बरोबर नाही" असा प्रतिसाद देता येतो, आणि घर सोडल्याचा कागद असेल तर नोटिशीला उत्तरही सोपं जातं. पॅनची झेरॉक्स द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहा: "फक्त एचआरएसाठी, 2024-25", खाली सही. पावतीवर महिना आणि फ्लॅटचा पत्ता लिहा. 5,000 च्या वरच्या पावतीला रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही त्यावर आडवी जाऊ द्या.

दांडियाबाजारकर: झेरॉक्सवर लिहिण्याचं ठीक आहे. पण हे आधी कुणी सांगितलं असतं तर वडिलांची झोप उडाली नसती. प्रतिसाद नोंदवूनही आमचं प्रकरण आठ महिने चाललं, तेही लिहा.

कारेलीबागवाले काका: ताई, खरं सांगू? करारात 9,000 आहेत. ते बँकेत येतात, वरचे 6,000 तो हातात देतो. 15,000 ची पावती दिली तर उद्या मलाच विचारतील.

मांजलपूरची हिशेबनीस: काका, हे आधी सांगायला हवं होतं. हातात घेतलेले 6,000 सुद्धा भाडंच आहे, उत्पन्नात दाखवावंच लागेल. शून्य कर दाखवून झाला, तो 15,000 धरूनच. पण मी पावतीसोबत करारही मागते, आणि आकडे जुळले नाहीत तर फाइल परत करते. 9,000 ची पावती द्याल, तर वर्षाचे 1,08,000. पॅन तरीही लागतो आणि पोराची सूट 60,000 वर येते. म्हणजे 72,000 ची सूट गेली.

अलकापुरी 2: मग काकांनी 8,000 ची पावती द्यावी, पॅन सुटला.

वाघोडिया रोड, भाडेकरू: आणि उरलेले 7,000 त्या पोराने कुठल्या वहीत लिहायचे?

कारेलीबागवाले काका: रविवारी त्याला घरी बोलावलंय. पावत्या 15,000 च्याच देईन, पॅनही. पण रोख घेतलेलं गेल्या दोन वर्षांचं दाखवायचं का, हे अजून ठरलेलं नाही. सीएला विचारतो.