मदत हवी आहे: पाच गटांवरून काढलेला गिनी ५/४ ने गुणायचा का?

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमच्या वाड्यावरच्या कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी केली आणि उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने पाच समान गट पाडले. एकूण उत्पन्नातला त्यांचा वाटा खालून वर असा: ६, ११, १६, २३ आणि ४४ टक्के. बेरीज करत गेल्यावर लॉरेन्झ वक्राचे बिंदू ६, १७, ३३, ५६, १०० येतात. शून्यापासून ते सरळ रेषांनी जोडले. (एक्सेलची गुळगुळीत रेषा नको, ती मनाचे बाक घालते.) मग समलंब चौकोनांवरून:

```
G = 1 - 0.2*(0.06+0.23+0.50+0.89+1.56) = 0.352
```

इथवर ठीक. पण सरळ रेषा म्हणजे गटातले सगळे सारखेच कमावतात असं धरणं. आमच्या वरच्या गटात सरकारी नोकरदार आहेत आणि पर्यटकांना खोल्या देणारेही, तेव्हा खरा गिनी ०.३५२ पेक्षा जास्तच असणार. सगळं उत्पन्न वरच्या गटाकडे गेलं तरी या सूत्राने ०.८ च्या पुढे जाता येत नाही.

म्हणून सर म्हणतात, ५/४ ने गुण. तसं केलं तर थेट ०.४४! मला ही उडी मोठी वाटते. पाच गट म्हणजे पाच माणसं नव्हेत. गटांच्या सीमांवरची उत्पन्नं माझ्याकडे आहेत. त्यांवरून गिनीची वरची मर्यादा कशी काढायची, कुणी सांगाल का?