मदत हवी आहे : दारू सोडलेल्या रुग्णाची रात्रीची देखरेख
जळगाव जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात मी परिचारिका आहे. केळीच्या बागेत काम करणारे एक दादा आमच्याकडे दाखल असून, त्यांनी शेवटची दारू घेऊन 40 तास झाले आहेत. हात थरथरतात, घाम सुटतो, नाडी 118 आहे. भिंतीवर मुंग्या दिसतात असे ते म्हणतात, तरी वार आणि ठिकाण बरोबर सांगतात.

यकृत बिघडलेले असल्याने डॉक्टरांनी क्लोरडायझेपॉक्साइडऐवजी लोराझेपाम दिले असून, ग्लुकोजच्या आधी शिरेतून थायमिन दिले आहे. दर तासाला नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वसन मोजायचे, आणि प्रत्येक मात्रेपूर्वी हाकेला डोळे उघडतात का ते पाहायचे, असे मी ठरवले आहे. खाट खाली घेतली आहे, मंद दिवा चालू ठेवला आहे, वहिनींना शेजारी बसवले आहे. बांधून ठेवणे मला शक्यतो टाळायचे आहे.

माझी खरी अडचण पुढची आहे. आता बरळणे वाढले, तर ते दारू तुटल्याचे की यकृताचे, हे कसे ओळखावे? ताप, घाम आणि धावती नाडी पहिल्याकडे, तर गुंगी आणि पसरलेल्या पंजांची फडफड दुसऱ्याकडे बोट दाखवते, हे मला ठाऊक आहे. परंतु औषधाचीही गुंगी असताना पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना कोणत्या क्षणी उठवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.