दूध नोंदवही आहे, पण कुठली गाय काढायची ते ठरेना – मदत हवी आहे

गोठा_संगमनेर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नऊ एचएफ संकरित गायी आहेत. यंदा मुरघास विकत घ्यायची वेळ आलीय, त्यामुळे एक-दोन जनावरं कमी करणं भाग आहे. सव्वा वर्षापासून मी दर महिन्याच्या 10 तारखेला प्रत्येक गायीचं दोन्ही वेळचं दूध वहीत लिहितो. आता ती वही समोर घेऊन बसलोय आणि घरात भांडण लागलंय.

चंद्री, तिसरं वेत, व्यायल्याला 14 महिने झाले. दर महिन्याचे आकडे (लिटर, दिवसाचे): 24, 26, 23, 20, 17, 15, 13, 11, 9, 8, 7, 6.5, 6, 6. पाच वेळा भरवली, दरवेळी उलटली.

गौरी, पहिलं वेत: 14, 16, 15.5, 15, 14, 13, 12, 11, 10, 8.5. तिसऱ्या महिन्यानंतर एकाच रेतनात गाभण राहिली, शेवटचे 60 दिवस आटवली, गेल्या पंधरवड्यात पुन्हा व्यायली. दोन वेतांत 375 दिवस.

वडील म्हणतात, गौरी काढ, ती सोळाच्या वर गेलीच नाही. चंद्रीने 26 दिलेत, तिची जात चांगली. मला उलट वाटतंय, पण पटवून देता येत नाही.

धार_पहाटे

एवढा विचार कशाला? आमच्याकडे एकच नियम आहे. दहा लिटरच्या खाली गेली की दावणीवरून काढायची. पेंडीचा खर्चच निघत नाही त्याखाली.

मुऱ्हावाला

भाऊ, गायीच्या नादाला लागूच नका. माझ्या म्हशीला 7 चा फॅट लागतो, डेअरीवाला गप भाव देतो. तुमच्या गायींचा फॅट किती ते लिहा, मग सांगतो कुठली विकायची.

गोठा_संगमनेर

काका, फॅट सगळ्यांचा साडेतीनच्या आसपासच आहे, प्रश्न त्याचा नाही. आणि धारदादा, तुमच्या नियमाने गौरी दहाव्या महिन्यातच गेली असती. तेव्हा ती 8.5 लिटरवर होती आणि सात महिन्यांची गाभण होती.

धार_पहाटे

गाभण असेल तर अर्थात ठेवायची, तेवढं कळतं आम्हाला. मी भाकड होत चाललेल्यांबद्दल बोलतोय.

वहीवाली_ताई

धारदादांचं अर्धं बरोबर आहे. खर्च न निघण्याची एक रेषा असतेच. पण ती आजच्या लिटरवर लावली की शेवटच्या महिन्यांतली प्रत्येक चांगली गाय नालायक दिसते, आणि वरच्या आकड्यावर लावली की चंद्रीसारखी गाय राणी दिसते. आम्ही 22 गायी सांभाळतो, पहिली दोन वर्षं ही चूक आम्हीही केली.

आकडा असा काढा: एका वेतातलं सगळं दूध भागिले या व्यायल्यापासून पुढच्या व्यायल्यापर्यंतचे दिवस. आटवलेले दिवसही त्यात धरायचे, कारण त्या दिवसांतही ती खातेच.

गौरीचे दहा आकडे मिळून 129 होतात. तीसने गुणले की 3870 लिटर. आटवण्याआधीचे 15 दिवस साधारण सातने धरा, 105. झाले 3975. भागिले 375, म्हणजे रोजचे 10.6 लिटर.

चंद्रीच्या चौदा आकड्यांची बेरीज 191.5, म्हणजे 420 दिवसांत 5745 लिटर. आता समजा ती आजच गाभण राहिली. पुढचं व्यायणं नऊ-सव्वानऊ महिन्यांनी, म्हणजे दोन वेतांत 700 दिवस. मधल्या काळात फार तर आणखी 400 लिटर देईल. 6145 भागिले 700, रोजचे 8.8. आणि हे ती आजच गाभण राहिली तर. प्रत्येक उलटण्याला 21 दिवस वाढतात आणि आकडा आणखी खाली येतो.

शिवाय गौरी पहिलारू आहे. पहिलारू गाय पुढच्या वेतात बहुतेक वेळा वाढते. तिची तुलना तिसऱ्या वेताच्या गायीशी करणं म्हणजे नववीच्या पोराला कॉलेजच्या पोराशी कुस्तीला उभं करणं.

गोठा_संगमनेर

ताई, हे वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वहीच खरी कशावरून?" आता यावर काय बोलू?

वहीवाली_ताई

वडिलांचा प्रश्न चांगला आहे. 10 तारखेला वहीतल्या सगळ्या गायींची बेरीज करा. त्याच दिवसाच्या दोन्ही वेळच्या डेअरीच्या पावत्या, घरी ठेवलेलं आणि वासरांना पाजलेलं दूध मिळवा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

गोठा_संगमनेर

आत्ताच केलं. वहीत 118. पावतीवर 104, घरी 3, वासरांना 4, मिळून 111. सात लिटर हवेत गेले!

वहीवाली_ताई

हवेत नाही, फेसात गेले. बादलीवरच्या रेघा बघून लिहिताय ना? मशीनची धार असो वा हाताची, फेस बसायच्या आत वाचलं की असंच होतं. तानकाटा टांगा, भरलेली बादली तोला, रिकाम्या बादलीचं वजन वजा करा, जे किलो येतील त्यांना 1.03 ने भागा, लिटर मिळतात. काट्याचे पैसे एका महिन्यात वसूल.

रेघा सगळ्या गायींना एकच माणूस वाचत असेल तर सगळ्यांचेच आकडे सारखे फुगतात, गायींचा क्रम बदलत नाही. सकाळी तुम्ही आणि संध्याकाळी वडील असाल तरी चालेल, प्रत्येक गायीला दोघंही वाचतात. पण काही गायी तुम्ही आणि काही त्यांनी, असं असेल तर वही बाद धरा.

गोठा_संगमनेर

दोन्ही वेळा मीच वाचतो. पण खरं सांगायचं तर नोव्हेंबरचे आकडे लग्नाच्या गडबडीत दोन दिवसांनी आठवून लिहिलेत.

वहीवाली_ताई

मग ते खोडा आणि आधीच्या-नंतरच्या महिन्याची सरासरी घाला. आठवून लिहिलेला आकडा नेहमी आवडत्या गायीच्या बाजूने झुकतो.

पशुवैद्य_निवृत्त

वहीचा हिशोब ठीक आहे, पण चंद्री का उलटते ते पाहिलं का? व्यायली तेव्हा वार अडकली होती का? माजाच्या वेळचा सोट काचेसारखा स्वच्छ असतो की गढूळ, पांढरट? आणि संध्याकाळी माज दिसला तर रेतन केव्हा करता?

गोठा_संगमनेर

डॉक्टर, वार दुसऱ्या दिवशी हाताने काढावी लागली होती. सोट मधूनमधून पांढरट असतो. रेतन करणारे येतील तेव्हा, बऱ्याचदा लगेच त्याच संध्याकाळी.

पशुवैद्य_निवृत्त

संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची. पण पांढरट सोटावर सहावं रेतन करू नका. आधी गर्भाशय तपासून घ्या. बरी होईल की नाही हे मी इथून सांगणार नाही.

धार_पहाटे

आणि विकायची कुणाला? 2015 पासून राज्यात गोवंश कत्तलीला बंदी आहे, सहा लिटरची भाकड कोण दारात बांधणार? शेवटी गोशाळाच.

वहीवाली_ताई

इथे दादांचं शंभर टक्के खरं. म्हणून निर्णय चौदाव्या महिन्यात नाही, सातव्यात घ्यायचा असतो. तेव्हा चंद्री 13 लिटरवर होती, तिसरं रेतन वाया गेलं असेल तर तिथेच डॉक्टरला दाखवायचं, नाहीतर उलटते हे सांगून दुधावर विकायची. आता तुमच्या उरलेल्या सात गायींपैकी व्यायल्याला पाच महिने झाले आणि गाभण नाहीत अशा किती, ते आज बघा.

गोठा_संगमनेर

बघितलं. दोन निघाल्या, लाली आणि कपिली. वहीत रेतनाच्या तारखा लिहायचा रकानाच नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून शोधल्या. चंद्रीला सोमवारी डॉक्टर बघणार आहेत. वडील म्हणतात, तपासणीत काहीही निघो, ती जाणार नाही, आईने वाढवलेली आहे. तिच्यासाठी वहीत कुठला रकाना घालू ते कुणी सांगा.