मदत हवी आहे: पेट क्लिनिकच्या अर्जात पार्वोची केस कशी मांडू?

नमस्कार मंडळी. बी.व्ही.एस्सी. आणि इंटर्नशिप झालीय, पुण्यातल्या एका पेट क्लिनिकला अर्ज करतेय. केस कशी हाताळता आणि घाबरलेल्या मालकांशी कसं बोलता, हे त्यांना एका पानात हवंय.

मी निवडलेली केस: तीन महिन्यांचं लॅब्राडोर पिल्लू, लसीकरण अर्धवट, उलट्या, रक्ताचे जुलाब, किटवर पार्वो पॉझिटिव्ह. पिल्लू वेगळं ठेवलं. शिरेतून सलाईन, उलटीचं औषध, अँटिबायोटिक, शिवाय रोज वजन आणि रक्तातली साखर. निर्णय सीनियर सरांचे. सलाईन लावणं, नोंदी आणि मालकांशी बोलणं माझ्याकडे.

मालकीणबाई एकच विचारत होत्या, "वाचेल ना हो?" मी 'हो' म्हटलं नाही. पहिले तीन-चार दिवस धोक्याचे, तोवर शरीरातलं पाणी टिकवणं हाच मुख्य उपचार, असं सांगितलं. रोजच्या खर्चाचा अंदाज आधीच दिला आणि संध्याकाळी ठरल्या वेळी फोन करत राहिले, काही नवीन नसलं तरी. पिल्लू वाचलं.

आता हे बोलणं अर्जात शब्दशः लिहू, की औषधोपचारालाच जागा देऊ? सरांचे निर्णय आणि माझं काम वेगळं दाखवलं तर अर्ज कमकुवत वाटेल का? न वाचलेल्या पेशंटची एखादी केसही द्यावी का? क्लिनिक चालवणाऱ्यांनी जरूर सांगा.