अनुभव धागा: एनएएसवरच्या एकाच एक्सेलमध्ये दोघांनी काम केलं, मग?

सावदेकर: आमचं केळी खरेदीचं ऑफिस. गाड्यांचा हिशोब एनएएसवरच्या एका एक्सेलमध्ये. परवा दुपारी फाइल माझ्याकडे उघडी होती आणि लाईट गेली. माझा डेस्कटॉप धाडकन बंद. एनएएस आणि स्विच इन्व्हर्टरवर, चालूच. लॅपटॉपवरच्या भाच्यानं फाइल उघडली तर "locked for editing by" आणि पुढे माझं नाव! मी तर समोर चहा पीत बसलेलो. त्यानं फाइल आपल्या लॅपटॉपवर कॉपी केली आणि ११ गाड्या त्यात चढवल्या. अर्ध्या तासानं लाईट आली, मी मूळ फाइलमध्ये माझ्या ६ भरल्या, बंद केली. संध्याकाळी त्यानं आपली कॉपी वर पेस्ट करून Replace दाबलं. माझ्या ६ गाड्या गेल्या. तुमच्याकडे असं झालंय का?

चोपडा_१२: फोल्डरमध्ये `~$` नं सुरू होणारी लपलेली फाइल असते, ती उडवायची. लॉक खलास. आम्ही नेहमी तेच करतो.

भुसावळचा नेटवर्कवाला: दादा, अर्धंच बरोबर. त्या फाइलमध्ये फक्त उघडणाऱ्याचं नाव असतं. खरं लॉक एनएएसकडे: एक्सेल फाइल उघडतानाच "माझ्याशिवाय कुणी लिहू नये" असं सांगून ठेवतं. वाचायला मनाई नसते, म्हणून भाच्याला कॉपी करता आली. डेस्कटॉप मेला तरी समोरचा गेलाय हे एनएएसला लगेच कळत नाही, तोवर लॉक तसंच. सांबावर चालणाऱ्या एनएएसवर लॉगिन करून हे बघा:

```
smbstatus -L
```

फाइलच्या ओळीत DENY_WRITE दिसेल, सुरुवातीला पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर. मशीन खरंच बंद आहे याची खात्री करून तेवढीच प्रोसेस मारायची. मशीन चालू असताना मारलीत तर त्याचं न सेव्ह झालेलं काम अडचणीत.

पण सावदेकर, तुमच्या ६ गाड्या लॉकमुळे गेल्या नाहीत. संध्याकाळी लॉक नव्हतंच. कॉपी सकाळची की दुपारची, एनएएस विचारत नाही. वरून Replace केलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. स्नॅपशॉट लावलेत का?

अमळनेरची_ताई: आमच्याही शीटला लॉक आहे, पासवर्ड टाकणारा मुलगा नोकरी सोडून गेला. कसं काढायचं?

भुसावळचा नेटवर्कवाला: ताई, ते वेगळं लॉक. वेगळा धागा काढा, सांगतो.

धुळे_सीए: आमच्याकडे सगळ्यांच्या पीसीवर सिंकचं ॲप आहे. तिथे "locked" कधी येतच नाही, थेट नावात conflict लिहिलेली दुसरी फाइल तयार होते. मार्चअखेर अशा चार झाल्या.

भुसावळचा नेटवर्कवाला: कारण प्रत्येकजण आपल्या डिस्कवरची प्रत उघडतो. ही एक फाइल शेअरमधूनच उघडायची ठरवा. काही ॲप लॉकचं बघतात म्हणे, मी वापरलेलं नाही.

सावदेकर: स्नॅपशॉट रोज रात्री एकच. म्हणजे दुपारच्या ६ नाहीतच. वजनकाट्याच्या पावत्या काढून बसलोय.