'वांशिक', 'आनुवंशिक' की 'जनुकीय'? हिवतापाच्या पत्रकातला एक शब्द

झाडीपट्टीतला मास्तर
नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गावासाठी हिवतापाच्या गोळ्यांचं एक पत्रक पुन्हा छापायचंय, ते शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आलं. त्यात हे वाक्य आहे: "जी-सिक्स-पीडीची कमतरता हा वांशिक दोष असून अशा रुग्णांना प्रायमाक्विन मानवत नाही."

मला 'वांशिक' खटकला. पारावर चारचौघांना वाचून दाखवलं तर एक आजोबा म्हणाले, "म्हंजे आमच्या जातीले ही गोळी चालत नाही काय जी?" आणि बाजूला बसलेला दुसऱ्या समाजाचा तरुण म्हणाला, "मंग मले काही भेव नाही." वाक्यावरून दोघांनी काढलेला अर्थ तर तोच निघतो. म्हणून विचारतो, शब्द कोणता हवा? वांशिक, आनुवंशिक की जनुकीय?

व्याकरणाची पाटी
'आनुवंशिक' हवा. अनु अधिक वंश, त्याला इक प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: अ चा आ. म्हणून आनुवंशिक. वंशातून पुढे पुढे येणारं, एवढाच त्याचा अर्थ. 'वांशिक' म्हणजे वंशाशी संबंधित, आणि 'वांशिक दंगल' वगैरेंमुळे आज तो वर्ण आणि जमात यांच्याच अर्थाने वाचला जातो.

चूक कुठून आली असेल याचा माझा अंदाज सांगते. निम्मे लोक हा शब्द 'अनुवांशिक' असा लिहितात. तो चूकच आहे. 'आधिभौतिक', 'पारलौकिक' यांच्यासारखी दोन्ही पदांत वृद्धी होते असं कुणी म्हणेल, पण मग 'आनुवांशिक' व्हायला हवा. 'अनुवांशिक' कोणत्याच नियमात बसत नाही. जुन्या पत्रकात 'अनु' ओळीच्या शेवटी आणि 'वांशिक' पुढच्या ओळीत गेला असेल, आणि पुन्हा टाइप करताना 'अनु' गळला असेल.

पूर्णेकाठचा
मला 'वांशिक' फारसा चूक वाटत नाही. ही कमतरता आदिवासी समाजांत जास्त आढळते, हे मी आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात ऐकलंय. मग तसं लिहिलं तर बिघडलं काय? सावध राहायला बरं.

काचपट्टी
तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासलंय, म्हणून थोडं लिहितो. 'जास्त आढळते' हे खरं आहे. पण 'जास्त'चा अर्थ 'सगळ्यांत' नाही, आणि 'इतरांत नाही' असा तर मुळीच नाही.

ही चूक शास्त्रानेही एकदा केली होती. प्रायमाक्विनच्या चाचण्या अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर झाल्या. काही काळ्या कैद्यांच्या लाल पेशी गोळीने फुटायच्या, गोऱ्यांमध्ये तसं क्वचित दिसायचं. तेव्हा हा काळ्या लोकांचा गुण समजला गेला. १९५६ मध्ये पॉल कार्सन, आल्फ आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरं कारण दाखवलं: त्या माणसांच्या लाल पेशीत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी होतं. आणि त्याच तुरुंगातल्या बहुसंख्य काळ्या कैद्यांना गोळीने काही झालं नव्हतं. पुढे हीच कमतरता भूमध्य समुद्राकाठी, अरबस्तानात, भारतात, आग्नेय आशियात सापडली. जिथे पिढ्यानपिढ्या हिवताप होता, तिथे हे जनुक टिकलं, कारण ते हिवतापापासून थोडं संरक्षण देतं. कातडीच्या रंगाशी त्याचं नातं नाही.

नावांनीही घोळ होतो. या जनुकातल्या बदलांना गावांची, प्रदेशांची नावं आहेत: मेडिटेरेनियन, ओरिसा, केरळ-कल्याण. जिथे पहिल्यांदा सापडले तिथलं नाव पडलं. मेडिटेरेनियन प्रकार आपल्याकडेही सापडतो.

मोहफूल (आशा)
मास्तर, मी आशा हाय. आमच्या घरीच झालं हे, म्हणून सांगतो.

मागच्या साली रोवणीत माझ्या भासऱ्याले थंडीताप आला. रक्त तपासलं, व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला. तीन दिवस क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन रोज १५ मिलिग्रॅम, चौदा दिवस. मीच देत होतो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, अंग लय जड वाटते. मले वाटलं गोळी गरम पडली. आमच्या इकडं काहीही झालं तं गोळी गरम पडली म्हणतात, आणि ताक पाजतात. मीबी ताक दिलं. पाचव्या दिवशी धुऱ्यावर चढता चढता ते खाली बसले. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहावानी. दवाखान्यात नेलं तं रक्त १२ वरून ८ वर आलेलं.

आणि तेच औषध दोन महिन्यांआधी आमच्या ह्यांनी चौदा दिवस घेतलं होतं. काही झालं नाही. एकाच मायचे, एकाच बापाचे लेकरं. जात एक, घर एक, ताटातलं अन्न एक. मंग एकाले काहून मानवलं नाही?

काचपट्टी
ताई, तुमच्या या एका घराने पत्रकातला 'वांशिक' खोटा ठरतो.

लाल पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवीन एन्झाइम बनवता येत नाही. जन्मताना मिळालेला साठा तिला साधारण १२० दिवस पुरवायचा असतो. जी-सिक्स-पीडी त्या पेशीला जळण्यापासून वाचवतं. तुमच्या भासऱ्यांच्या जनुकात बदल आहे, त्यामुळे त्यांचं एन्झाइम लवकर विरतं आणि म्हाताऱ्या पेशी उघड्या पडतात. एरवी त्यांना काही जाणवत नाही. प्रायमाक्विन पेशीवर ताण आणतं, तेव्हा त्या पेशी फुटतात, आतला रंग लघवीत उतरतो. तुमच्या मालकांना मायकडून चांगली प्रत मिळाली. त्यांच्या पेशींनी तोच ताण सहज पेलला.

तुम्ही ताक दिलं यात तुमचा दोष नाही. 'गरम पडली' या शब्दात पोटदुखीही येते आणि पेशी फुटणंही. प्रायमाक्विन उपाशीपोटी घेतलं तर पोटात मुरडा येतो, तो जेवून गोळी घेतल्यावर थांबतो. पण लघवी गडद झाली की त्याच दिवशी गोळी बंद करायची आणि दवाखाना गाठायचा.

मोहफूल (आशा)
पण दवाखान्यात तपासलं तेव्हा चाचणी चांगली आली होती जी. म्हणाले, कमतरता नाही. मंग दिवाळीत ताप उलटला, तेव्हा पुन्हा तपासलं तं कमतरता निघाली. एवढ्यात कशी बदलली?

काचपट्टी
चाचणी अशी असते: रक्ताचा थेंब रसायनात मिसळून गाळणकागदावर टाकायचा, वाळवायचा आणि अतिनील दिव्याखाली बघायचा. एन्झाइम पुरेसं असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर काळा राहतो. पेशी फुटल्यावर लगेच तपासलं तर म्हाताऱ्या पेशी आधीच गेलेल्या असतात. उरतात त्या कोवळ्या, साठा भरलेल्या. ठिपका चमकतो आणि आपण फसतो. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तुमच्या दिवाळीच्या ठिपक्याने खरं सांगितलं.

ताप उलटला कारण पाचव्या दिवशी गोळी थांबली आणि यकृतात दडून बसलेले जंतू राहिले. पुढे डॉक्टरांनी काय दिलं?

मोहफूल (आशा)
आठवड्यातून एकदा गोळी, आठ आठवडे. दर वेळी डॉक्टर रक्त आणि लघवी पाहत. निभलं.

काचपट्टी
बरोबर केलं. किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, देखरेखीखाली. मधल्या सहा दिवसांत शरीर फुटलेल्या पेशी भरून काढतं.

नागभीडची वाट
माझ्या मुलीला सिकलसेल आहे. कार्डही आहे. म्हणजे तिलाही ही गोळी चालणार नाही ना? सिकलसेलही वांशिकच म्हणतात.

काचपट्टी
दादा, हे दोन वेगळे आजार आहेत, वेगवेगळ्या जनुकांतले. सिकलसेल आहे म्हणून जी-सिक्स-पीडी कमी असेलच असं नाही. पण एक सांगून ठेवतो: सिकलसेलच्या रुग्णात कोवळ्या पेशी नेहमीच जास्त असतात, त्यामुळे ठिपक्याची चाचणी कमतरता असूनही चांगली दिसू शकते. कधी प्रायमाक्विन द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना कार्ड आधी दाखवा.

व्याकरणाची पाटी
काचपट्टी, हे जनुक मायकडूनच का आलं? बापाकडून का नाही?

काचपट्टी
हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, बाप त्याला वाय देतो. त्यामुळे बापाची कमतरता मुलाला कधीच जात नाही. मुलीला मात्र बापाचा एक्स मिळतोच, म्हणून त्याची प्रत्येक मुलगी वाहक होते. आणि वाहक आईच्या दर मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी.

वाहक बाईचं गणित जरा अवघड आहे. तिच्या काही लाल पेशी भरलेल्या आणि काही रित्या असतात. ठिपका चमकतो, पण रित्या पेशी गोळीने फुटू शकतात. बायकांत ही चाचणी म्हणूनच अपुरी पडते.

व्याकरणाची पाटी
मग 'वंश' हा शब्दच इथे उलटा चालतोय! आपण वंशावळ काढतो ती बापाकडून मुलाकडे. आडनाव त्या वाटेने जातं, जातही त्याच वाटेने लावतात. आणि हे जनुक ती वाट कधीच धरत नाही. ते बापाकडून मुलीकडे जातं, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, आणि तिच्या मुलात ते दुसऱ्या आडनावाखाली उगवतं. आडनाव बघून गोळी ठरवणारा माणूस नेमक्या चुकीच्या रेघेवर बोट ठेवतोय.

माझं पहिलं उत्तर मी थोडं बदलते. 'आनुवंशिक' व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्यातही 'वंश' आहेच. पत्रकासाठी 'जनुकीय' बरा.

पूर्णेकाठचा
मान्य, दोन भावांचं उदाहरण ऐकून माझा मुद्दा लंगडा झाला. पण तपासणीचं साहित्य कमी असेल तर ते आधी कुठे पाठवायचं? तिथे तरी समाजाची आकडेवारी लागेलच ना?

काचपट्टी
लागेल. साहित्य कोणत्या तालुक्यात जास्त ठेवायचं, हे आकडेवारीने ठरवावं. पण समोर बसलेल्या माणसाला गोळी द्यायची की नाही, हे त्याच्या रक्ताने ठरवावं. आणि तपासणी नसलेल्या गावात प्रत्येकाला, कोणत्याही समाजाचा असो, लघवीचा रंग रोज विचारावा.

पूर्णेकाठचा
तरी पत्रकात 'काही समाजांत जास्त' एवढं असावं असं मला वाटतं. लोकांना माहिती लपवल्यासारखं वाटू नये.

झाडीपट्टीतला मास्तर
ते मी घालणार नाही. पारावरचा तो तरुण तेवढंच ऐकून उठून जाईल. 'मानवत नाही'ही काढतो, त्यात 'गरम पडली'सारखंच सगळं मावतं. आणि 'जनुकीय' आमच्या इकडे कुणाला कळणार नाही. सध्या असं लिहिलंय:

"काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक एन्झाइम कमी असतं. ही कमतरता आईकडून मुलाला, किंवा आईबापांकडून मुलीला येते. सख्ख्या भावांतही एकाला असते, एकाला नसते. अशांच्या लाल पेशी प्रायमाक्विनने फुटू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी त्याच दिवशी थांबवा, आणि आशाताईंना सांगा."

व्याकरणाची पाटी
'अशांच्या' ऐवजी 'अशा माणसांच्या' करा. बाकी छान. 'एन्झाइम'ला 'विकर' आहे, पण इथे नको.

मोहफूल (आशा)
मास्तर, 'आईबापांकडून मुलीला' वाचून मले एक आठवलं. भासऱ्याची मोठी पोरगी चामोर्शीकडे दिलेली हाय. तिले चार वर्षांचा पोरगा हाय. त्या घरचं आडनाव वेगळं, म्हणून त्याचं नाव माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्यात असाची शक्यता निम्मी, असंच ना काचपट्टी भाऊ?

काचपट्टी
हो ताई, निम्मी. आणि ती स्वतः नक्की वाहक. दोघांचंही तिथल्या आशाताईंकडे लिहून ठेवा. मुलाची चाचणी ताप नसताना करून घ्या.

मोहफूल (आशा)
आजच फोन लावतो.